ऐंशीचा बार नेमका किती मागवायचा? बीओएम फोडायचं गणित

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघायचो तेव्हाचं सांगतो. आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर बनवायचो, ट्रॉली उचलायला लागतात तसले. बोअर एकच, ६३ एमएम, आणि मॉडेल दोन, एक ३०० एमएम स्ट्रोकचं छोटं आणि एक ५०० चं मोठं. म्हणजे ट्यूब आणि रॉडची लांबी वेगळी, बाकी पिस्टन, ग्लँड, एंड कॅप, सील किट सगळं सेम. आठवड्याचा प्लॅन आला, छोटे ४० आणि मोठे २५, एकूण ६५ द्यायचे. आता सोमवारी सकाळी स्टील मार्केटला फोन करून ईएन-८ चा ऐंशीचा बार, म्हणजे ८० एमएम व्यासाचा राउंड बार, किती सांगायचा? प्रश्न एवढाच आहे, पण ह्यात मी एकदा चांगला अडकलोय म्हणून सविस्तर लिहितोय.

बीओएम म्हणजे बिल ऑफ मटेरियल. एक वस्तू बनवायला काय काय आणि किती लागतंय त्याची यादी, पण ही यादी सपाट नसते, तिला पायऱ्या असतात. वर सिलिंडर, तो शून्य लेव्हल. त्याच्या खाली बॅरल असेंब्ली, रॉड असेंब्ली, ग्लँड आणि सील किट. बॅरल असेंब्ली उघडली की तिच्यात होनिंग केलेली ट्यूब, पोर्ट आणि मागं वेल्ड केलेली एंड कॅप. एंड कॅप उघडली की खाली ऐंशीच्या बारचा तुकडा. ग्लँड म्हणजे रॉड जिथनं बाहेर येतो तिथलं तोंड, तोही आम्ही त्याच ऐंशीच्या बारमधनं टर्न करायचो. प्लॅनमधला आकडा वरनं घालायचा आणि एकेक पायरी उघडत खाली कच्च्या मालापर्यंत यायचं, ह्यालाच बीओएम एक्स्प्लोजन म्हणतात, शॉपवर आम्ही सरळ 'बीओएम फोडला' म्हणायचो.

पहिल्यांदा सगळेजण करतात ते असं. ग्लँडला ५५ एमएमचा पीस लागतो, बँडसॉचं पातं आणि पीस सरळ करायचं मार्जिन मिळून ३ एमएम जातं म्हणून ५८ धरायचे. एंड कॅपला ३२ अधिक ३, म्हणजे ३५. सिलिंडर ६५, तर ६५ गुणिले ५८ म्हणजे ३७७० आणि ६५ गुणिले ३५ म्हणजे २२७५, एकूण ६०४५ एमएम. बार येतो ६ मीटरचा. म्हणजे ४५ एमएमसाठी दुसरा बार? स्टोअरमध्ये ९०० एमएमचा तुकडा पडलाय तो वजा केला तर ५१४५, मग चला, एक बार बस झाला. हे गणित दिसायला बरोबर आहे आणि चूक आहे, कारण वजाबाकी फक्त तळाला केली.

स्टॉक फक्त बारच्या रूपात नसतो की. तो प्रत्येक पायरीवर कुठल्या ना कुठल्या रूपात पडलेला असतो. आमच्याकडं त्या सोमवारी पेंट झालेले छोटे सिलिंडर ६ तयार होते. म्हणजे बनवायचे छोटे ३४ आणि मोठे २५, एकूण ५९. आता एक पायरी खाली. ग्लँड लागणार ५९, तयार होते १५, राहिले ४४. बॅरल असेंब्ली छोट्याच्या ३४ लागणार, वेल्ड होऊन रॅकवर १० होत्या, राहिल्या २४, मोठ्याच्या २५ च्या २५, एकूण ४९. आणि आता बघा, एंड कॅप किती लागणार? ६५ नाही, ५९ पण नाही, ४९. कारण त्या १० बॅरलमध्ये आणि ६ तयार सिलिंडरमध्ये एंड कॅप आधीच जाऊन बसलीये. सुट्या एंड कॅप ९ होत्या त्या वजा केल्या की राहिल्या ४०. म्हणून नियम असा की एका पायरीवर जे निव्वळ उरतंय तेवढंच खालच्या पायरीला मागणी म्हणून पाठवायचं. वजा करा, मग उघडा, परत वजा करा, परत उघडा. सगळं उघडून झाल्यावर शेवटी एकदाच वजाबाकी केली तर रॅकवरच्या मालात लपलेलं मटेरियल तुम्हाला दिसतच नाही.

ग्लँडमध्ये बोअर करताना शंभरात चारेक पीस वाया जायचे, तर ४४ चांगले हवे असतील तर ४४ भागिले ०.९६ करायचं, येतात ४५.८, म्हणजे ४६ कापायचे. इथं चार टक्के वाढवायचे नसतात, भागायचं असतं. चार टक्क्याला फरक दिसत नाही पण वीस टक्के रिजेक्शन असेल तर शंभराला १२० कापून चांगले ९६ च निघतात, कापायला लागतात १२५. एंड कॅप सहसा वाया जायची नाही, त्या ४० च धरल्या.

मग ४६ गुणिले ५८ म्हणजे २६६८ आणि ४० गुणिले ३५ म्हणजे १४००. एकूण ४०६८ एमएम. त्यातला ९०० चा तुकडा आपल्याकडं आहे, पण त्यातनं ग्लँडचे १५ पीस निघतात आणि ३० एमएमचं बूड उरतं, ते भंगारात. उरले ३१ ग्लँड आणि ४० एंड कॅप, नवीन बार लागला ३१९८ एमएम. स्टील किलोवर मिळतं, आणि राउंड बारचं वजन काढायचं शॉपवरचं सूत्र सगळ्यांना पाठ असतंय, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. ऐंशीला मीटरमागं साडेएकोणचाळीस किलो. तर बरोबर गणितानं लागणार १२६ किलो, आणि वरच्या सपाट गणितानं आपण मागवत होतो २०३ किलो. एका बारमध्ये, एका आठवड्यात, ७७ किलोचा फरक, आणि ह्या सपाट गणितात तर रिजेक्शन धरलंच नव्हतं.

आता मी अडकलो ते ठिकाण. पायरीपायरीनं उतरायचं हे मला माहीत होतं, आणि मी एक्सेलमध्ये तसंच उतरत होतो. ग्लँड पहिल्या पायरीवर, त्यामुळं त्याचा बार मला दुसऱ्या पायरीवर भेटला. २६६८ हवा, स्टोअरला ९०० आहे, वजा करून १७६८ लिहिला. मग बॅरल उघडली, एंड कॅप उघडली, तर तिसऱ्या पायरीवर परत तोच ऐंशीचा बार. १४०० हवा, स्टोअरला ९०० आहे, वजा करून ५०० लिहिला. बेरीज २२६८, आणि मार्केटमधनं सव्वादोन मीटरच्या वर थोडा, २२७० चा एक तुकडा कापून आणला. एकच ९०० चा तुकडा मी दोन वेळा वापरला होता, आणि शीटवर प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर होती, म्हणून नजरेला काही टोचलंच नाही.

बुधवारी स्टोअरचे मामा आले, 'ऐंशीचा बार संपला बघा की, आणि एंड कॅप तेराच झाल्यात.' मी म्हटलं मामा असं कसं, हिशोब केलाय मी. ते काही बोलले नाहीत, मला घेऊन कटिंगला गेले आणि बँडसॉच्या बाजूला उरलेलं बूड दाखवलं, १७ एमएमची चकती, तळहातावर मावेल एवढी. ग्लँड पहिले कापले होते, ४६ च्या ४६, आणि उरलेल्या ४७२ मध्ये ३५ चे १३ च पीस बसले. एंड कॅप २७ कमी.

ह्यावर जो उपाय आहे तो फार साधा आहे आणि मला तो खरंच सुंदर वाटतो. त्याला लो-लेव्हल कोड म्हणतात. प्रत्येक पार्टला आणि प्रत्येक मटेरियलला एक नंबर द्यायचा, तो सगळ्या बीओएममध्ये मिळून ज्या सगळ्यात खालच्या पायरीवर दिसतो त्या पायरीचा. ऐंशीचा बार ग्लँडखाली दुसऱ्या पायरीवर आहे आणि एंड कॅपखाली तिसऱ्या, म्हणून त्याचा कोड ३. आणि फोडताना शिस्त अशी की कोड ० चं सगळं संपल्याशिवाय १ ला हात लावायचा नाही, १ संपल्याशिवाय २ ला नाही. ग्लँडकडनं बारची मागणी आली तरी ती नुसती लिहून ठेवायची, स्टॉककडं बघायचं सुद्धा नाही. तिसऱ्या पायरीची पाळी आली की तोपर्यंत वरच्या सगळ्यांच्या मागण्या जमलेल्या असतात, त्यांची बेरीज करायची आणि स्टॉक एकदाच वजा करायचा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आतल्या आत होतं, पण आपल्याकडं बऱ्याच शॉपवर प्लॅन अजून एक्सेलवर चालतो आणि तिथं हा एक कॉलम कुणी ठेवत नाही.

जोसेफ ऑर्लिकींनी १९७५ साली एमआरपीवर पुस्तक लिहिलं त्यातला मुख्य मुद्दा हाच होता की सिलिंडर किती खपतील हा अंदाज असतो, पण सिलिंडर ठरले की एंड कॅपचा अंदाज करायचा नसतो, ती मोजायची असते. मागच्या महिन्यात बार किती गेला ते बघून ह्या आठवड्याला तेवढाच मागवणं हे मोजायच्या गोष्टीचा अंदाज करणं झालं.

मोजलेला आकडा सुद्धा चुकतो, आणि तो कुठं चुकलाय हे कळायला उलटं वर चढता आलं पाहिजे. ४०६८ हा आकडा समोर ठेवून विचारायचं, हा कुणी मागितला? २६६८ ग्लँडनं, १४०० एंड कॅपनं. ग्लँडचे ४६ कुणामुळं? असं वरपर्यंत जाता आलं नाही तर शीट कुठंतरी तुटलंय. दुसरी खूण म्हणजे आठवड्याच्या शेवटी खरंच किती बार गेला आणि हिशोबानं किती जायला हवा होता ते ताडून बघायचं. दर आठवड्याला एकाच बाजूला फरक येत असेल तर माणसांना बोलायच्या आधी ड्रॉइंग बघा, आमच्याकडं पुढं एंड कॅपची जाडी वाढवली तेव्हा पीस ३२ चा ३६ झाला होता आणि बीओएममध्ये ३२ च राहिला होता, चाळीस पीसला १६० एमएम, म्हणजे सव्वासहा किलो दर आठवड्याला गायब.

आणि एक गोष्ट बीओएम फोडून कळत नाही, ती म्हणजे आधी काय कापायचं. किती ते कळतं, पण कधी ह्यासाठी प्रत्येक पायरीला लागणारे दिवस मागं मोजत जावं लागतं. एंड कॅप आधी ट्यूबला वेल्ड होते, मग टेस्टिंग, आणि ग्लँड सगळ्यात शेवटी असेंब्लीला बसतो. त्या आठवड्यात एंड कॅप १३ नवीन आणि ९ जुन्या, म्हणून २२ च बॅरल वेल्ड झाल्या, रॅकवरच्या १० धरून ३२ सिलिंडर निघाले आणि वेल्डिंगवाला दीड दिवस बसून होता. त्याच अपुऱ्या बारमधनं आम्ही एंड कॅप पहिल्या कापल्या असत्या तर ४० च्या ४० निघाल्या असत्या, वेल्डिंग थांबलंच नसतं, आणि जुना तुकडा धरून ग्लँड ३० निघाले असते, तयार १५ मिळून ४५. त्यातला एखादा बोअरिंगला गेला असता. बाकीच्या १४-१५ ग्लँडसाठी बार आणायला आमच्याकडं गुरुवार अख्खा होता.