आंग्स्ट की वेल्टश्मेर्त्स?

जर्मनमधून इंग्रजीत आलेले काही शब्द फारसे बदलले नाहीत. दुसऱ्याच्या फजितीने होणाऱ्या आनंदाला दोन्हीकडे शाडनफ्रॉइडच म्हणतात. त्साइटगाइस्ट, म्हणजे एखाद्या काळाची मनोवृत्ती, तोही तसाच. घोळ होतो आंग्स्ट आणि वेल्टश्मेर्त्समध्ये, कारण इंग्रजीत दोन्ही मनाच्या बेचैनीसाठी येतात.

जर्मनीत आंग्स्ट अगदी घरगुती शब्द आहे. पोराला कुत्र्याची भीती वाटते, मोठ्यांना दाताच्या डॉक्टरची, दोन्ही आंग्स्टच. इंग्रजीत कुत्र्यासाठी हा शब्द वापरलात तर ऐकणारा हसेल. त्या भाषेत साध्या भीतीला ‘फिअर’ होताच, आणि फ्रॉइडच्या अनुवादकांनी त्याच्या आंग्स्टसाठी बहुतेक ठिकाणी ‘अँग्झायटी’ वापरला. मग आंग्स्टच्या वाट्याला काय उरलं? तत्त्वज्ञांचा अर्थ. किर्केगार्डने १८४४ मध्ये डॅनिशमध्ये मांडलं होतं की भीती कशाची तरी असते, ही बेचैनी मात्र कशाचीच नसते. हायडेगरने १९२७ मध्ये जर्मनमध्ये तोच भेद पुढे नेला. आज इंग्रजीत हा शब्द बऱ्याचदा सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या धुसफुशीला लावतात, किंचित थट्टेनेच.

शब्दाचं मूळ मात्र मला फार आवडतं. जर्मन ‘एंग’ म्हणजे अरुंद, आणि त्याच कुळातला संस्कृत शब्द आहे ‘अंहस्’, म्हणजे कोंडी, संकट. छातीत कोंडल्यासारखं होतं म्हणतो, ते हेच.

वेल्टश्मेर्त्समध्ये कोंडी नाही. वेल्ट म्हणजे जग, श्मेर्त्स म्हणजे वेदना. हा शब्द जाँ पॉल या जर्मन लेखकाने घडवला; त्याच्या मृत्यूनंतर १८२७ मध्ये छापलेल्या ‘सेलिना’त तो येतो. पुढे बायरनसारख्या कवींच्या खिन्नतेला तो चिकटला. माझं काय होईल, ही धास्ती यात नसते. जग जसं असायला हवं तसं नाही आणि होणारही नाही, हे कळून चुकल्याचा थकवा असतो.

समजा, लंडनमधली सतरा वर्षांची मुलगी रात्री जागी आहे. उद्या निकाल आहे म्हणून झोप येत नसेल, तर ती अँग्झायटी. निकाल चांगला लागला, तरीही आयुष्याचं करायचं काय या विचाराने पोटात गोळा येतो, तर तो आंग्स्ट. तिचे आजोबा मात्र ठणठणीत आहेत, पेन्शन वेळेवर येते. सकाळी वर्तमानपत्रातली युद्धाची बातमी वाचून ते पान मिटतात आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांचं स्वतःचं काहीही बिघडलेलं नाही, म्हणूनच ते वेल्टश्मेर्त्स.

छापील इंग्रजीतही फरक दिसतो. आंग्स्ट आता लहान अक्षराने, साध्या टाइपात येतो. वेल्टश्मेर्त्स अजून बऱ्याच ठिकाणी जर्मन नामासारखं मोठं पहिलं अक्षर आणि तिरका टाइप राखून आहे.