काच आपोआप फुटली म्हणजे नेमकं काय झालं?

नवतप्यात एका रात्री अडीचच्या सुमारास आमच्या सोसायटीत धाडकन आवाज झाला, सगळे बाहेर आले तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीची काचेची रेलिंग गायब, खाली पार्किंगमध्ये चुऱ्याचा सडा. कोणी दगड मारला नव्हता, कोणी टेकलंही नव्हतं. सकाळपर्यंत दोन मतं तयार झाली. एक, कुणाची तरी नजर लागली. दुसरं काचवाल्याचं, की नागपूरचं ऊनच असं आहे, काच तापून फुटते. मला दोन्ही पटत नाही. साधी काच ४० अंशांच्या आसपास तापमानफरकाने तडकू शकते, पण रेलिंगची होती ती टफन, म्हणजे तापवून मुद्दाम मजबूत केलेली काच जवळपास २०० अंशांचा फरक सोसते, तिला आपलं ४५-४६ एकट्याने फोडू शकत नाही. आणि नजरेने फुटत असती तर शेजारची त्याच दिवशी बसवलेली काच कशी वाचली?

खरी गंमत काचेच्या पोटात आहे. टफन करताना साधी काच ६२० अंशांच्या वर तापवतात, मऊ होत आली की दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर लगेच कडक होतो, आतला अजून गरम असतो, मग तो सावकाश थंड होताना आकसायला बघतो पण बाहेरचा कडक थर त्याला आकसू देत नाही. म्हणून आतला भाग कायमचा ताणलेला राहतो आणि त्याच्या ओढीने बाहेरचा थर कायमचा दाबलेला. काचेवर बारीक ओरखडे असतातच, साधी काच वाकली की ते उघडतात आणि ती तडकते, इथे मात्र दाबामुळे ते मिटलेले राहतात. हाच तिचा चारपाच पट ताकदीचा हिशोब. पण हा दाबलेला थर दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या भागाएवढाच, १२ मिमी काचेत जेमतेम अडीच मिमी. चीर त्यापलीकडे ताणलेल्या भागात पोचली की साठलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते आणि अख्ख्या काचेचे बोथट तुकडे होतात. म्हणूनच टफन केल्यावर ती कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, सगळं आधीच करून घ्यावं लागतं.

मग काकूंच्या काचेत चीर आत कशी गेली? खालच्या अल्युमिनियम चॅनलमध्ये थोडी काच अडकून राहिली होती, तिच्यातल्या तड्यांच्या रेषा सगळ्या एका जागी खालच्या कडेला जमत होत्या. तिथलं रबर सरकलेलं आणि काच थेट स्क्रूच्या डोक्यावर बसलेली. अल्युमिनियम काचेपेक्षा अडीच पट जास्त पसरतं, दीड मीटर लांबीत ४० अंशांच्या चढउताराला ८ दशांश मिमीचा फरक पडतो, म्हणजे रोज दुपारी आणि रोज रात्री स्क्रू कडेवर थोडा थोडा घासणार. कडाच तिची नाजूक जागा. रेषा काचेच्या मधल्या जागी जमल्या असत्या आणि तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसले असते तर मी निकेल सल्फाइडच्या कणाला दोष दिला असता. तो काच बनतानाच आत राहतो, वर्षांनी हळूच फुगतो, त्यावर उपाय कारखान्यातच काच पुन्हा तापवून बघणं, त्याला हीट सोक म्हणतात, कमकुवत काच तिथेच फुटून जाते.

काचवाला म्हणाला की जाड काच लावा. आता हिशोब बघा. एक मीटर उंच, खालीच पकडलेली १२ मिमी काच, वरच्या कडेला मीटरभर लांबीत ७५ किलो ढकललं तर ती सुमारे २५ मिमी वाकते, खालच्या कडेशी ताण ३० मेगापास्कलच्या आसपास, आणि पूर्ण टफन काचेच्या पृष्ठभागावरचा दाबच ६९ च्या वर असतो. म्हणजे ताकद पुरते. १० मिमी घेतली तर तीच ४३ मिमी वाकते, कारण वाकणं जाडीच्या घनावर अवलंबून आहे. खोलीतल्या पार्टिशनला १० किंवा १२ चालते, तिथे फुटली तर बोथट तुकडे खाली पडतात, कोणी खाली कोसळत नाही. रेलिंगला प्रश्न जाडीचा नाहीच, फुटल्यावर मागे काय उरतं याचा आहे.

म्हणून काकूंनी आता ८ अधिक ८ मिमी लॅमिनेटेड टफन घेतली, म्हणजे दोन काचा चिकटवलेल्या, मध्ये १.५२ मिमी प्लास्टिकची फिल्म, एक थर फुटला तरी दुसरा उभा राहतो. दोन्ही फुटले तर साधी पीव्हीबी फिल्म मात्र उन्हात मऊ पडते आणि काच ओल्या चादरीसारखी लोंबते, म्हणून वर स्टीलचा हँडरेल घ्यायलाच लावला, तो दोन्ही भिंतींत पक्का. चॅनलमध्ये काचेखाली रबराचे ठोकळे, बाजूंनी सलग गॅस्केट, आणि पाणी निघायला भोकं, कारण पाणी साचलं की फिल्म कडेने पांढरी पडून सुटते. बसवताना मी खाली वाकून टॉर्च मारून बघितलं, स्क्रूचं एकही डोकं काचेला लागत नव्हतं.