रात्रपाळीतील आहार

रात्री काम करून दिवसा झोपणाऱ्यांनी कधी व किती खावे, याची आखणी. यात काय खाल्ले याइतकेच ते कोणत्या वेळी खाल्ले यालाही महत्त्व असते.

मेंदूतील मुख्य जैविक घड्याळ प्रामुख्याने प्रकाशावर चालते. यकृतासारख्या अवयवांतील घड्याळे मात्र अन्नाच्या वेळेनुसारही सरकतात. उंदरांवरील प्रयोगांतून हे २००० च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यामुळे रात्री जेवणाऱ्याच्या शरीरात दोन वेगळ्या वेळा चालू राहतात. शिवाय रात्री मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक वाढलेले असताना इन्शुलिनचे स्रवणे मंदावते आणि तेच जेवण सकाळपेक्षा रक्तातील साखर अधिक चढवते. घन अन्न जठरातून पुढे सरकायलाही जास्त वेळ लागतो. भरपेट खाल्ल्यावर पहाटे पोट जड वाटणे, करपट ढेकर येणे आणि घरी येऊन आडवे होताच छातीत जळजळ होणे, ही त्याची ओळखीची लक्षणे.

रात्रपाळीत वजन का वाढते, याविषयी एकमत नाही. जादा खाणे हे जुने स्पष्टीकरण. पण आहारनोंदींच्या एकत्रित विश्लेषणात दिवसा व पाळीत काम करणाऱ्यांच्या एकूण उष्मांकांत ठळक फरक दिसला नाही. अर्थात या नोंदी लोकांनी स्वतः सांगितलेल्या असतात, म्हणून हा पुरावा निर्णायक नव्हे. २०१४ मधील एका प्रयोगात रात्रपाळीच्या वेळापत्रकामुळे २४ तासांतील ऊर्जाखर्च सुमारे ३ टक्के घटल्याचे आढळले. दिवसाला २,००० किलोकॅलरी खर्चणाऱ्यासाठी ही घट ६० किलोकॅलरी होते. एका दिवसापुरती ती क्षुल्लक आहे, वर्षानुवर्षे साचली तर नाही. २०२१ मधील प्रयोगात १९ निरोगी तरुणांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवले होते. रात्रीही जेवणाऱ्यांची सरासरी रक्तशर्करा ६.४ टक्के वाढली; फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. गट लहान आणि काळ थोडा असला, तरी वेळेचा स्वतंत्र परिणाम मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

रात्री १० ते सकाळी ६ या पाळीत मुख्य जेवण संध्याकाळी ७ ते ८ च्या दरम्यान घ्यावे. भूक लागल्यास १२ च्या आसपास दही, उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे असे थोडेसे खावे व पुढे सकाळपर्यंत पाण्यावर भागवावे. पहाटे ३ ते ५ दरम्यान गोड खावेसे वाटते, पण ती बहुधा भूक नसून झोप असते. कॉफीचा अंमल उतरायला बरेच तास लागत असल्याने शेवटचा कप १ पूर्वी संपवावा. घरी आल्यावर हलका नाश्ता करावा, म्हणजे भुकेने झोपमोड होत नाही; जळजळीचा त्रास असणाऱ्यांनी तो पाळी संपताच उरकून आडवे होण्यापूर्वी दोन तास जाऊ द्यावेत. उठल्यावर दुपारी दुसरे पूर्ण जेवण.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय रात्री उपाशी राहू नये; साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्यांसाठी असे एकच वेळापत्रक सुचवता येत नाही.