अठ्ठावीस घरं, तेरा पेट्या

हॅशिंग शिकताना माझ्या विद्यार्थिनीचं अडलं होतं ते अगदी सुरुवातीलाच. यादीत एखादी नोंद शोधायची तर एकेक नोंद बघत जावं लागतं, किंवा यादी आधी क्रमाने लावावी लागते. मग हॅशिंगमध्ये काही न चाळता थेट नेमक्या जागी पोचता येतं, ते कसं? शिकवताना मी आकृती काढली, बाणही काढले. तिने मान हलवली, पण समजल्याची ती मान नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, सोसायटीच्या लॉबीतल्या टपालाच्या पेट्या म्हणजेच हॅशिंग ना? पोस्टमन कुठे शोधत बसतो? पाकिटावरचा क्रमांक वाचतो आणि त्या पेटीत टाकतो."

जवळजवळ बरोबर होतं. पण तिथे प्रत्येक घराला स्वतःची पेटी असते, म्हणून प्रश्नच उद्‌भवत नाही. मी म्हटलं, "सात मजले, मजल्यावर चार घरं, १०१ पासून ७०४ पर्यंत. आता भिंतीवर फक्त दहाच पेट्या आहेत असं समज. शून्य ते नऊ. पाकीट कुठे टाकशील?"

"शेवटचा अंक बघून," ती लगेच म्हणाली. ३०२ चं पाकीट दोन नंबरच्या पेटीत. शोधतानाही तोच नियम लावायचा: ३०२ चं टपाल हवं असेल तर दोन नंबरचीच पेटी उघडायची. हा नियम म्हणजे हॅश फंक्शन. टाकणारा आणि शोधणारा एकच नियम वापरतात, म्हणून बाकीच्या पेट्यांकडे बघावंच लागत नाही. तिचं आदल्या दिवशीचं कोडं इथे सुटलं.

मग मी तिला अठ्ठावीसही घरं मांडायला लावली. पेटी क्रमांक १, २, ३ आणि ४ मध्ये प्रत्येकी सात घरं आली, आणि उरलेल्या सहा पेट्या रिकाम्या! कारण घरांचे क्रमांक १ ते ४ यांतल्याच अंकावर संपतात. नियम साधा होता, पण मजल्याचा अंक तो बघतच नव्हता. हॅश फंक्शन वाईट असलं तरी उत्तर चुकत नाही, फक्त वेळ जातो. म्हणून ही खोट सहज लक्षात येत नाही. ती ओळखायची तर सगळ्यात गच्च पेटीत किती पाकिटं आहेत आणि किती पेट्या रिकाम्या आहेत, ते मोजावं.

आता पेट्या तेरा करू आणि घराच्या क्रमांकाला तेराने भागून उरलेली बाकी घेऊ:

```
101 % 13 = 10
302 % 13 = 3
704 % 13 = 2
```

तिने सगळी अठ्ठावीस गणितं वहीत केली. शून्य आणि बारा या पेट्यांत तीन-तीन घरं आली, उरलेल्या अकरांत प्रत्येकी दोन. एकही पेटी रिकामी नाही. शेवटचा अंक म्हणजे दहाने भागून उरलेली बाकी, आणि दहाने शंभराला पूर्ण भाग जातो, त्यामुळे मजल्याचा अंक हरवत होता. तेरा ही मूळ संख्या आहे, तिच्यापुढे शंभराची बाकी नऊ उरते, त्यामुळे प्रत्येक मजला वेगळ्या जागी सरकतो. (तेरा म्हणजे काही जादू नव्हे. क्रमांकांची ठेवण वेगळी असती तर तेराही फसले असते.)

तरी एका पेटीत दोन-तीन घरं येणारच. याला कोलिजन म्हणतात. अठ्ठावीस घरं आणि तेरा पेट्या असताना ते टळणार कसं? म्हणून पाकिटावर पूर्ण क्रमांक लिहिलेला असावा लागतो. पेटी उघडून दोन-तीन पाकिटांवरचे क्रमांक ताडून बघायचे. तुलना संपत नाही, ती अठ्ठावीसवरून तीनवर येते.

"मग शेजारी दुसरी इमारत झाली तर?" हा प्रश्न तिचाच. घरं वाढली की पेट्या गच्च होणार, म्हणून पेट्या वाढवायच्या. तेराच्या एकोणतीस करू. आता ७०४ ची बाकी आठ येते, पण त्या घराचं जुनं पाकीट अजून दोन नंबरच्या पेटीत पडलेलं. आठ नंबरची पेटी उघडली तर त्यात ७०४ चं काहीच नाही, आणि आपण खुशाल म्हणणार, टपाल आलंच नाही. त्यामुळे पेट्या वाढवताना जुनी सगळी पाकिटं बाहेर काढून नव्या नियमाने पुन्हा टाकावी लागतात. हे काम वेळखाऊ असतं, म्हणून ते क्वचितच आणि मोठ्या उडीने करतात. जावा भाषेतल्या `HashMap` मध्ये सुरुवातीला सोळा कप्पे असतात. बारा नोंदींपर्यंत ते पुरतात, तेरावी आली की बत्तीस होतात.

शेवटी मी विचारलं, "टपाल आलेल्या घरांपैकी सगळ्यात लहान क्रमांकाचं घर कोणतं?" तिने क्षणभर वहीकडे पाहिलं. १०१ दहा नंबरच्या पेटीत, १०४ शून्यात, ७०४ दोनमध्ये. "तेराही पेट्या उघडाव्या लागतील," ती म्हणाली, आणि मग जरा वैतागून, "त्यापेक्षा क्रमाने लावलेली यादीच बरी होती."