येळवशीची भज्जी आणि मावशीचा आयएनआर

माझी मावशी लातूरकडची, लहानपणी सांधेतापानं हृदयाची डावीकडची झडप, म्हणजे मायट्रल, खराब झाली आणि ऑपरेशन करून तिथं धातूची बसवली, तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्ताची गुठळी होऊ न देणारी वॉरफरिनची गोळी. शेजारच्या तात्यांनाही तीच गोळी चालू आहे, त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून. एकदा दोघांचा आयएनआर 3.3 आला, मावशीला डॉक्टर म्हणले छान, आणि तात्यांना म्हणले जरा जास्त झालाय.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती वेळ लागतो त्याचा आकडा, गोळी नसलेल्या माणसाचा साधारण 1 असतो. तात्यांना 2 ते 3 पुरतो. मावशीची झडप धातूची, त्यात मायट्रलच्या जागी रक्ताचा जोर कमी, संथ वाहतं, म्हणून तिथं गुठळी लवकर धरते आणि तिला 2.5 ते 3.5 लागतो. महाधमनीच्या झडपेतून रक्त जोरात जातं, त्यामुळे तिथं आजकालची धातूची झडप असली आणि दुसरा धोका नसला तर बहुतेकदा 2 ते 3 वर भागतं.

आता येळवस, म्हणजे आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण. त्या दिवसांत आमच्याकडं शेतातली मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, चुका, सगळं ताजं, आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी तर झालीच पाहिजे. मावशीनं महिनाभर रोज दोन्ही वेळा पालेभाजी खाल्ली. पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर, आणि लिव्हर त्याच्यावरच रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करतं, वॉरफरिन नेमकं तेच काम अडवते. आयएनआर 1.9 वर आला. डॉक्टरांनी रोजची 5 मिलिग्रॅमची गोळी 6 केली.

पुढं भाजी संपली, डोस मात्र 6 च राहिला, आणि त्यातच जुलाब लागले तर मावशीनं कुणाला न विचारता मेडिकलवरून मेट्रोनिडाझोल आणून पाच दिवस घेतली. ही गोळी लिव्हरमधलं वॉरफरिन मोडणारं एन्झाइम अडवते, म्हणजे वॉरफरिन शरीरात साठत जाते, वर जेवण नाही म्हणून व्हिटॅमिन केही कमी. सहाव्या दिवशी दात घासताना हिरड्यातून रक्त, दंडावर काळानिळा डाग. रिपोर्ट 6.8! डॉक्टरांनी दोन दिवस वॉरफरिन थांबवली आणि परत तपासलं. उतारा म्हणून व्हिटॅमिन के जास्त दिलं असतं तर झडपेवर गुठळी व्हायची भीती होती, म्हणून ते जपूनच.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली, डोस बदलला की आकडा लगेच हलत नाही, कारण आधीच रक्तात असलेली प्रथिनं संपायला तीन-चार दिवस जातात, म्हणून दुसऱ्याच दिवशीच्या रिपोर्टवरून डोस पुन्हा बदलायचा नसतो.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक वगैरे, याच्यापासून जास्त सावध राहा, त्या पोटाचं अस्तर आणि प्लेटलेट दोन्ही बिघडवतात, आयएनआर बरोबर दिसतो आणि तरी शौचाला डांबरासारखं काळं होतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

मावशीनं पालेभाजी सोडलेली नाही, डॉक्टरांनीच सोडू नका म्हणलं, वर्षभर रोज एक वाटी ठरलेली, येळवशीलाही तेवढीच, आणि डोस परत 5 वर.