बफर द्रावण : ॲसिटिक आम्लाचे उदाहरण

थोडे आम्ल किंवा अल्क टाकले तरी ज्याचा सामू (पीएच) फारसा हलत नाही, त्या द्रावणाला बफर द्रावण म्हणतात. एखादे दुर्बल आम्ल आणि त्याच आम्लाचा क्षार एकत्र असले की असे द्रावण तयार होते. शाळा-महाविद्यालयांत त्यासाठी ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट ही जोडी घेतात. व्हिनेगरमधले आम्ल ते हेच.

ॲसिटिक आम्ल पाण्यात पूर्ण सुटे होत नाही. ०.१ मोलर द्रावणात शंभरातला जेमतेम एखादा रेणू H⁺ सोडतो, बाकीचे तसेच राहतात :

CH₃COOH ⇌ CH₃COO⁻ + H⁺

सोडियम ॲसिटेट मात्र पाण्यात पूर्ण सुटते, त्यामुळे मिश्रणात ॲसिटेट आयनही भरपूर असतात. बाहेरून आलेला H⁺ हे आयन पकडतात आणि त्याचे ॲसिटिक आम्ल होते. ते आम्ल दुर्बल असल्याने पकडलेला H⁺ सहसा परत सोडत नाही. अल्क टाकले तर उलट घडते : OH⁻ ला ॲसिटिक आम्ल H⁺ देते, त्याचे पाणी होते आणि मागे ॲसिटेट उरते. H⁺ नाहीसा होत नाही, तो बांधला जातो. आणि सामू मोजतो तो फक्त मोकळा H⁺. हा सामू दोन्ही घटकांच्या गुणोत्तरावर ठरतो :

pH = 4.76 + log([CH₃COO⁻]/[CH₃COOH])

१०० मिलि बफर घ्या, दोन्ही घटक ०.१ मोलर, म्हणजे प्रत्येकी १० मिलिमोल. गुणोत्तर १, म्हणून सामू ४.७६. त्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलि टाकले की १ मिलिमोल H⁺ आला. ॲसिटेट ९ उरले, आम्ल ११ झाले. ९/११ चा लॉग सुमारे −०.०९, म्हणून सामू ४.६७. तेवढेच आम्ल १०० मिलि शुद्ध पाण्यात टाकले तर सामू २ च्या जवळ जातो.

ही ताकद अमर्याद नाही. एकूण ५ मिलिमोल आम्ल गेले की सामू ४.२८ होतो, ९ गेले की ३.४८. दहावा मिलिमोल पडला की ॲसिटेट संपते, सामू २.९ च्या आसपास येतो आणि पुढे टाकलेला H⁺ मोकळाच राहतो. बफर हळूहळू थकतो, पण शेवटी एकदम कोसळतो.

एक लिटर बफरसाठी ५.७ मिलि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि १३.६ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट थोड्या पाण्यात विरघळवून मग एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. बाटलीवरचे नाव नीट वाचावे, कारण निर्जल ॲसिटेट फक्त ८.२ ग्रॅम लागते. ते चुकून १३.६ ग्रॅम घेतले तर सामू सुमारे ०.२ ने वर जातो. बरोबर केलेल्या द्रावणातही मीटर ४.७६ ऐवजी ४.६५ च्या आसपास दाखवतो. ही चूक नव्हे : आयनांच्या परस्पर ओढीचा परिणाम वरच्या साध्या सूत्रात धरलेला नाही. ग्लेशियल आम्ल १६.६ अंशांखाली गोठते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या प्रयोगशाळेत सकाळी बाटलीत बर्फासारखा गोळा दिसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून तो पूर्ण वितळू द्यावा, मगच मोजावे.

खेड्यातली नेहमीची फसगत पाण्याची असते. विदर्भात अनेक गावांतल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, आणि अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी चवीलाच खारट लागते. समजा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे, तर १०० मिलित सुमारे ०.५ मिलिमोल. तुलनेसाठी असे पाणी घेऊन त्यात ०.१ मोलर आम्लाचा १ मिलि टाकला तरी सामू ७ च्या आसपासच राहतो, आणि मुलांना वाटते की साधे पाणीसुद्धा बफरच आहे. त्यांचे चुकत नाही : हे पाणी बायकार्बोनेटमुळे खरोखरच बफर असते. शुद्ध पाण्यात तेवढ्याच आम्लाने सामू ३ वर येतो.

म्हणून प्रयोगाला ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. ते नसेल तर बॅटरीत टाकायचे सीलबंद पाणी चालते. उघडे ठेवलेले शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.७ च्या आसपास सामू दाखवते, तेव्हा ७ आला नाही म्हणून ते फेकू नये. बोअरच्या पाण्यात ०.१ मोलर बफर केला तर सामू ०.०४ नेच वाढतो, कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ०.०१ मोलर केला तर लिटरभरातल्या १० मिलिमोल आम्लातले निम्मे बायकार्बोनेटच खाऊन टाकते आणि सामू जवळपास अर्ध्या अंकाने वर सरकतो.