टेस्ट केस संग्रहाची देखभाल

टेस्ट केस संग्रह म्हणजे एखादे सॉफ्टवेअर हाताने तपासण्यासाठी लिहून ठेवलेल्या केसचा साठा. प्रत्येक केसमध्ये आधीची स्थिती, करायच्या स्टेप, लागणारा डेटा आणि अपेक्षित निकाल असतो. हा साठा एक्सेल शीटमध्ये असू शकतो, नाहीतर टेस्टलिंक, टेस्टरेल, झेफर यांसारख्या साधनात. सॉफ्टवेअरची रिक्वायरमेंट बदलली की काही केस चुकीच्या ठरतात, काहींना अर्थ उरत नाही आणि काही बदलल्यासारख्या दिसल्या तरी जशाच्या तशा लागू राहतात. या तीन गटांची वेळेवर विभागणी करणे, हे देखभालीचे मुख्य काम आहे. त्यासाठी टॅग, व्हर्जन आणि निवृत्ती ही तीन साधने वापरतात.

हे काम नीट कळते ते मोठ्या बदलाच्या वेळी. भारतातील बिलिंग सॉफ्टवेअरसाठी २२ सप्टेंबर २०२५ हा असाच दिवस होता. त्या दिवसापासून वस्तू व सेवा कराचे (जीएसटीचे) नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतील बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या आणि चैनीच्या व अपायकारक मानलेल्या काही वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर आला. तूप १२ वरून ५ टक्क्यांवर आले, एअर कंडिशनर २८ वरून १८ वर. पानमसाला आणि सिगारेट यांचे जुने दर व उपकर मात्र त्या दिवशी तसेच राहिले. पुढील विवेचन याच बदलाच्या आधारे केले आहे. त्यातील केसचे क्रमांक आणि संख्या उदाहरणापुरत्या कल्पिलेल्या आहेत.

टॅग

समजा, एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या संग्रहात ६४० केस आहेत. बदलाची बातमी आल्यावर पहिला प्रश्न असतो, यातल्या कोणत्या केसना धक्का लागणार? टॅग नसतील तर टेस्टर मजकुरात ‘१२’ शोधतो. त्याला ‘१२ नग’, ‘१२ तारखेचे बिल’ आणि ‘१२ अंकी क्रमांक’ असलेल्या केसही मिळतात. याहून वाईट म्हणजे खऱ्या काही केस सापडतच नाहीत. ‘१,००० रुपयांचे तूप विका, बिलाची रक्कम १,१२० यावी’ या केसमध्ये दर कुठेच लिहिलेला नाही, तो बेरजेत मुरलेला आहे.

म्हणून टॅगमध्ये मूल्य न लिहिता नियम लिहावा. `rate-12` हा टॅग दर बदलताच खोटा होतो. `req:GST-RATE` हा टॅग मात्र ‘ही केस दर ठरवण्याच्या नियमावर उभी आहे’ एवढेच सांगतो आणि दर कितीही वेळा बदलला तरी खरा राहतो. रिक्वायरमेंटचा टॅग सर्वांत मोलाचा असतो, कारण ‘कोणत्या केसना धक्का लागणार’ याचे उत्तर तोच देतो. त्याच्या जोडीला मॉड्यूलचा एक टॅग (`mod:credit-note`) आणि केस कधी चालवायची हे सांगणारा एक (`smoke`, `regression`, `year-end`) असला की बहुतेक संग्रहांचे काम भागते. केस कोणी चालवली, ती पास झाली का, कोणत्या स्प्रिंटमध्ये होती, ही माहिती टॅगमध्ये ठेवू नये. ती केसची नसते, त्या वेळच्या रनची, म्हणजे केस चालवण्याच्या त्या फेरीची असते.

टॅग बिघडतात ते हळूहळू. एकजण `credit-note` लिहितो, दुसरा `creditnote`, तिसरा `CN`. शोध घेणाऱ्याला एकतृतीयांश केस मिळतात आणि त्याला वाटते की सगळ्या मिळाल्या. यावर उपाय म्हणजे मान्य टॅगची एक लहान यादी आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे. टॅग खरोखर पुरेसे आहेत का, हे तपासण्याची साधी रीत आहे. आधी टॅगने केस काढाव्यात, मग मजकुरात शोध घेऊन वेगळी यादी काढावी आणि दोन्ही यादी शेजारी ठेवाव्यात. दुसऱ्या यादीत खरी केस निघाली आणि पहिलीत नसली, तर तिथे टॅग राहून गेलेला आहे.

व्हर्जन

केसचा अपेक्षित निकाल किंवा स्टेप बदलली की जुन्या मजकुरावर नवा लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास मागच्या रनचे निकाल निराधार होतात. ऑगस्टमध्ये पास झालेली केस आता ‘१,०५० यावेत’ असे म्हणते, तर ऑगस्टमध्ये नेमके काय पास झाले होते? म्हणून चालवून झालेल्या व्हर्जनला हात न लावता नवे व्हर्जन काढायचे. निकाल व्हर्जनला जोडलेला राहतो. टेस्टलिंकमध्ये टेस्ट प्लॅनला, म्हणजे एका रिलीजसाठी चालवायच्या केसच्या यादीला, केसचे विशिष्ट व्हर्जन जोडलेले असते, त्यामुळे नवे व्हर्जन काढले तरी जुना प्लॅन आपोआप बदलत नाही. ही सोय आहे आणि सापळाही. नव्या रिलीजचा प्लॅन जुन्या प्लॅनची प्रत करून बनवला आणि व्हर्जन अद्ययावत करायचे राहिले, तर टेस्टर जुनाच निकाल तपासत बसतो. शुद्धलेखनाची दुरुस्ती किंवा बटणाचे बदललेले नाव यासाठी मात्र नवे व्हर्जन काढण्यात अर्थ नाही. आठ व्हर्जनमधली सहा अशा किरकोळ दुरुस्त्यांची असतील, तर खरा बदल कुठला ते शोधणे अवघड होते.

अवघड निर्णय वेगळाच असतो. नवे व्हर्जन काढायचे की नवी केस लिहायची? याची कसोटी अशी : जुना निकाल आता पूर्णपणे खोटा झाला असेल तर नवे व्हर्जन, जुना आणि नवा दोन्ही निकाल आपापल्या जागी खरे असतील तर दोन स्वतंत्र केस. एकाच केसची दोन व्हर्जन एका रनमध्ये शेजारी चालत नाहीत, त्यामुळे चुकून व्हर्जन काढले की दोन सत्यांपैकी एक तपासणीतून गळते.

दरबदलाच्या प्रसंगी नेमके हेच घडते. ‘तुपाच्या बिलावर १२ टक्के कर लागतो’ ही `BIL-214` केस २२ सप्टेंबरनंतर खोटी झाली, असे पहिल्या नजरेला वाटते. पण सॉफ्टवेअर जुन्या तारखेची नोंदही घेत असते. शिवाय केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा २०१७ च्या कलम १४ नुसार माल देणे, बिल काढणे आणि पैसे मिळणे या ३ घटनांपैकी २ ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर लागतो. माल आणि बिल १८ सप्टेंबरचे, पैसे मात्र २५ तारखेला मिळाले, तर १२ टक्के. माल १८ चा, पण बिल आणि पैसे दोन्ही २५ चे, तर ५ टक्के. प्रत्येक घटना बदलाच्या आधी किंवा नंतर घडू शकते, म्हणजे २ × २ × २ असे ८ प्रसंग होतात. त्यातल्या ४ मध्ये जुना दर आणि ४ मध्ये नवा. `BIL-214` चे नवे व्हर्जन काढून तिथे ५ टक्के लिहिले असते, तर जुन्या दराचे चारही प्रसंग तपासणीबाहेर राहिले असते. इथे योग्य मार्ग म्हणजे तारीख न सांगणारी `BIL-214` निवृत्त करणे आणि तारखा स्पष्ट लिहिलेल्या नव्या केस तयार करणे.

अपेक्षित निकालात रक्कम लिहावी की ‘दर तक्त्याप्रमाणे’ असे लिहावे, यावर टेस्टरांमध्ये दोन मते आढळतात. तक्त्याचा हवाला दिला की देखभाल हलकी होते, कारण दर बदलला तरी केस बदलावी लागत नाही. पण टेस्टरने सॉफ्टवेअरमधलाच दर-तक्ता पाहून उत्तर ठरवले, तर तक्त्यातली चूक कधीच सापडणार नाही. म्हणून निदान काही केसमध्ये १,१२० आणि १,०५० या रकमा हाताने काढून लिहिलेल्या असाव्यात. त्या बदलण्याचे कष्ट पत्करावेत.

निवृत्ती

निवृत्त करणे आणि पुसून टाकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुसलेल्या केसबरोबर तिचा इतिहास जातो आणि काही महिन्यांनी दुसरा कोणीतरी तीच केस पुन्हा लिहितो. टेस्टलिंकमध्ये केसची स्थिती ‘ऑब्सोलीट’ करता येते, अझूर टेस्ट प्लॅन्समध्ये ‘क्लोज्ड’. एक्सेल शीट असेल तर वेगळ्या पानावर हलवावी. निवृत्तीच्या नोंदीत तारीख, कारण आणि जागी आलेल्या केसचे क्रमांक हवेत :

```
id: BIL-214
version: 3
status: retired
req: GST-RATE
retired_on: 2025-09-22
reason: दर आता तारखेवर अवलंबून; केसमध्ये तारीख नाही
replaced_by: BIL-641 ते BIL-648
```

कारणाच्या ओळीत नुसते ‘जुनी झाली’ लिहिणे निरुपयोगी असते. पुढे वाचणाऱ्याला ही तपासणी गरजेचीच उरली नाही, की ती दुसरीकडे हलवली, एवढे तरी कळायला हवे.

मेलेली केस ओळखण्याच्या खुणा रनमध्येच असतात. सर्वांत बोलकी खूण म्हणजे पास दिलेली, पण शेऱ्यात ‘आता ५ टक्के येतात, ठीक आहे’ असे लिहिलेली केस. तिथे टेस्टरने केस डोक्यात दुरुस्त केली आणि कागदावर तशीच ठेवली. नवा टेस्टर आला की तो त्याच केसवर बग नोंदवतो आणि डेव्हलपर तो परत पाठवतो. रनमागून रन ‘लागू नाही’ अशी नोंद होणारी केस ही दुसरी खूण. बरेच दिवस न चालवलेली केस मात्र नुसत्या त्या कारणाने निवृत्त करू नये. `year-end` टॅगच्या केस वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये चालतात आणि त्या काळात त्यांच्याशिवाय चालत नाही. २८ टक्क्यांच्या सगळ्या केस एका फटक्यात निवृत्त करणाऱ्याने सप्टेंबर २०२५ मध्ये पानमसाल्याच्या चालू केसही घालवल्या असत्या.

काही केसना निवृत्तीची तारीख आधीच लिहून ठेवता येते. १५ सप्टेंबर २०२५ ला १२ टक्क्यांनी विकलेले तूप ऑक्टोबरमध्ये परत आले, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने, म्हणजे १२ टक्क्यांनी निघते. कलम ३४ प्रमाणे या क्रेडिट नोटवरून करात घट दाखवण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्या तारखेपर्यंत असते. २०२५-२६ मधील विक्रीसाठी ती ३० नोव्हेंबर २०२६ होते. म्हणून जुन्या दराच्या क्रेडिट नोटच्या केसवर `review_on: 2026-12-01` असे लिहून ठेवावे. त्या दिवशीही केस सरळ बाद होत नाही. स्टेप त्याच राहतात आणि निकाल उलटतो : करात घट दाखवणारी क्रेडिट नोट सॉफ्टवेअरने आता घेऊ नये. मुदतीच्या आतला जुना निकाल तेव्हा कुठेच खरा उरलेला नसतो, त्यामुळे या वेळी नवी केस लागत नाही, त्याच केसचे नवे व्हर्जन काढायचे असते.